छोटं गाव की मोठं शहर? निवृत्तीचा हिशेब दुसऱ्या टप्प्यापासून मांडा

निवृत्तीनंतर कुठे राहायचं हा विषय निघाला की बहुतेक जोडपी स्वतःला आज आहेत तशीच डोळ्यांसमोर आणतात. दोघंही हिंडतीफिरती, गाडी चालवता येते, गोळ्या असल्या तरी रोजच्या आयुष्याला धक्का नाही. या चित्रात छोटं, शांत गाव हमखास जिंकतं. शांतता आहे, खर्च कमी आहे, माणसं ओळख दाखवतात. चित्र खोटं नाही, पण ते निवृत्तीच्या फक्त पहिल्या टप्प्याचं आहे.

जोडप्याच्या म्हातारपणाचे ढोबळमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्यात दोघंही धडधाकट असतात. दुसऱ्यात एक आजारी असतो आणि दुसरा त्याचं करत असतो. तिसऱ्यात एकच उरतो. हा तिसरा टप्पा अपवाद नाही, हे साध्या शक्यतेच्या गणितानेही दिसतं. समजा, दोघांपैकी प्रत्येकाची नव्वदी गाठण्याची शक्यता ४ पैकी १ आहे आणि एकाच्या आयुर्मानाचा दुसऱ्याच्या आयुर्मानाशी संबंध नाही. मग दोघंही नव्वदी पाहतील याची शक्यता १६ पैकी फक्त १. दोघांपैकी एकटंच कुणीतरी पाहील याची शक्यता मात्र १६ पैकी ६. म्हणजे ‘आपण दोघं’ धरून निवडलेल्या जागेत शेवटी ‘मी एकटा’ किंवा ‘मी एकटी’ राहण्याची शक्यता कितीतरी जास्त.

म्हणून गाव की शहर हा प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यावर घासून बघावा लागतो. त्यासाठी एक जोडपं समोर ठेवू. नवरा ६७ वर्षांचा, त्याला रक्तदाब आणि मधुमेह. बायको ६३ वर्षांची, गुडघे सोडले तर ठणठणीत. गाडी फक्त तो चालवतो. महानगरात स्वतःचं घर आहे आणि ९५ किलोमीटरवरच्या एका छोट्या गावात जाऊन राहायचा विचार चालू आहे. तिथून महानगरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचायला सव्वादोन तास लागतात. गावात एक लहान रुग्णालय आहे, दहा मिनिटांवर.

रात्री दोन वाजता

‘तिथे काही झालं तर?’ असं लोक विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा हार्ट अटॅक असतो. तर तोच घेऊ आणि घड्याळ लावून बघू.

मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हृदयाची एखादी रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद होते, आणि ती उघडेपर्यंत हृदयाचा स्नायू मरत राहतो. ती उघडायचे दोन मार्ग आहेत. एक अँजिओप्लास्टी, त्यासाठी कॅथलॅब म्हणजे ती करायची खास सुसज्ज खोली आणि तिथली तयार टीम लागते. दुसरा म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. अँजिओप्लास्टी जास्त खात्रीची, पण ती वेळेत झाली तर. हृदयरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण नियम असा की ईसीजीत निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी असेल तर तीच करावी. होण्यासारखी नसेल आणि दुखायला लागून १२ तास उलटले नसतील, तर इंजेक्शन लगेच द्यावं आणि मग रुग्णाला कॅथलॅबकडे हलवावं. इंजेक्शनचा खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत होतो.

आता आपल्या जोडप्याकडे. रात्री दोनला नवऱ्याच्या छातीत दुखायला लागतं. पहिला अर्धा तास ‘ॲसिडिटी असेल’ म्हणण्यात जातो. तो गावातही जातो आणि शहरातही. उशिराचा मोठा वाटा बऱ्याचदा रस्त्यावर नाही, घरातच असतो. अडीचला ते निघतात.

महानगरात असते तर २.५५ ला रुग्णालयात पोचले असते, ३.०५ ला ईसीजी, रात्री टीमला घरून बोलावून रक्तवाहिनी उघडेपर्यंत सव्वाचार. गावात राहून थेट महानगराकडे गाडी हाकली, तर पोचतात पावणेपाचला आणि रक्तवाहिनी उघडते सहाच्या सुमारास. पण गावातल्या रुग्णालयात आधी थांबले, तर २.४० ला पोचतात, २.५० ला ईसीजी होतो, आणि इंजेक्शन तिथे ठेवलेलं असेल तर ३.०५ ला देऊन होतं. त्याचा परिणाम झाला की नाही हे पुढच्या तासा-दीड तासातल्या ईसीजीवरून कळतं. म्हणजे गुठळी विरघळली तर वेळ साधारण महानगराइतकीच पडते.

या हिशेबात एक खाच आहे. इंजेक्शनने सगळ्यांचीच गुठळी विरघळत नाही. काहींना ते देताच येत नाही, उदाहरणार्थ पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांना. आणि इंजेक्शन यशस्वी झालं तरी पुढच्या २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करून घ्यावीच लागते. म्हणून इंजेक्शन दिलं की बरं वाटायची वाट न बघता मॉनिटर असलेल्या ॲम्ब्युलन्सने निघायचं. शहर याबाबतीत सरस आहेच. पण त्याच गावात एक औषध साठ्यात नसल्यामुळे ३.०५ चे सहा होऊ शकतात. ९५ किलोमीटरपेक्षा या फरकाला जास्त किंमत आहे.

पक्षाघाताचं गणित वेगळं, आणि छोट्या गावाला जास्त जड जाणारं. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ती विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण पक्षाघात रक्तस्रावानेही होतो, आणि दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. रक्तस्राव असताना तेच औषध दिलं तर जीव जाऊ शकतो. त्यामुळे सीटी स्कॅन झाल्याशिवाय कुठलाही डॉक्टर ते देत नाही. याच कारणासाठी घरातल्या घरात ॲस्पिरिनही देऊ नये. गावात सीटी नसेल तर साडेचारपैकी सव्वादोन तास रस्त्यातच गेले. शिवाय झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर घड्याळ रात्री शेवटचं ठीक दिसल्यापासून मोजतात.

म्हणून गावात ‘हॉस्पिटल आहे का?’ एवढं विचारून काहीच कळत नाही. आकस्मिक विभागात जाऊन विचारायचं ते असं: रात्री तीन वाजता ईसीजी काढून वाचणारा माणूस इमारतीत असतो का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आत्ता, या क्षणी कपाटात आहे का? सीटी मशीन आहे का, आणि रात्री ते चालवणारा तंत्रज्ञ असतो की सकाळी येतो? ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन, मॉनिटर आणि प्रशिक्षित माणूस असतो, की नुसता चालक? एक चक्कर दिवसा मारावी आणि एक रात्री. दोन्ही वेळची उत्तरं वेगळी निघाली, तर रात्रीचं खरं धरावं. घर दाखवणाऱ्या एजंटला यातलं काहीही विचारण्यात अर्थ नाही.

एकदाच जाणं आणि पुन्हा पुन्हा जाणं

आणीबाणीची भीती सगळ्यांना वाटते, पण माझ्या मते छोट्या गावातलं वास्तव्य मोडतं ते आणीबाणीने नाही, फेऱ्यांनी. मोतीबिंदू किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया यांसाठी शहरात जाऊन काही दिवस राहता येतं. ठरवून जायचं, करून यायचं. तपासणीचे रिपोर्ट दाखवणं, गोळीचं प्रमाण बदलणं हे आता व्हिडिओ कॉलवरही होतं.

डायलिसिस मात्र आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. वर्षाच्या १५६ फेऱ्या. आपल्या जोडप्याला जाऊन-येऊन साडेचार तास आणि मशीनवर चार, म्हणजे आठवड्यातले तीन दिवस संपले. उरलेल्या दिवसांत रुग्ण थकलेला असतो आणि गाडी चालवणाराही. कर्करोगावरचं रेडिएशन बहुतेक वेळा आठवड्यातून पाच दिवस आणि असं काही आठवडे चालतं. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा, पण जावं रोज लागतं. खुब्याचं हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया एकदाच होते, नंतरची फिजिओथेरपी मात्र महिनोन्महिने, आणि ती नीट झाली नाही तर माणूस खाटेला खिळतो.

हा नवरा मधुमेही आणि रक्तदाबाचा रुग्ण आहे. मूत्रपिंड निकामी होण्याच्या कारणांत हीच दोन अग्रभागी असतात. तेव्हा त्यांनी गावाबद्दल सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हृदयाचा नाहीच: तासाभराच्या आत डायलिसिस केंद्र आहे का, आणि तिथे जागा मिळते का? ज्यांच्या घराण्यात किंवा प्रकृतीत दुसरा काही धोका असेल, त्यांनी आपापल्या आजाराच्या फेऱ्या अशाच मोजाव्यात. ‘आरोग्यसेवा चांगली आहे’ हे वाक्य सगळ्यांसाठी सारखं नसतं.

फेऱ्यांना लागूनच गाडीचा प्रश्न येतो. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या चालकांचा हिशेब मांडला होता. त्यात दिसलं ते असं की गाडी चालवणं सुटल्यानंतरही पुरुष सरासरी सहा-सात वर्षं आणि स्त्रिया सुमारे दहा वर्षं जगतात, आणि तेवढा काळ येण्याजाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असतात. आपल्या जोडप्यात गाडी चालवणारा एकच आहे, आणि आजारी पडण्याचा संभवही त्याचाच जास्त. ज्या दिवशी तो रुग्ण होईल, त्याच दिवशी घरातला चालकही जाईल. शहरात हे चालून जातं, कारण रिक्षा, टॅक्सी, बस काहीतरी मिळतं. गावात संध्याकाळी सातनंतर काय मिळतं, हे स्वतःची गाडी आठवडाभर बंद ठेवूनच कळतं. बायकोने आत्ता, ६३ व्या वर्षी, गाडी शिकून घेणं हा खर्च बहुतेक वैद्यकीय खर्चांपेक्षा उपयोगी पडेल.

माणसं

एकटेपणा हा नुसता मनाचा प्रश्न नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतली तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट निघाली. म्हणून जागा निवडताना माणसांचा विचार औषधाच्या दुकानाइतक्याच गंभीरपणे करायला हवा.

छोट्या गावात माणसं एकमेकांना ओळखतात हे खरं, पण ती एकमेकांना ओळखतात, तुम्हाला नाही. तीस-चाळीस वर्षांची नाती असलेल्या जागी तुम्ही नव्याने जाता. स्वागत लगेच होतं, आत घ्यायला मात्र वेळ लागतो. साठीत गेलात तर पहिल्या टप्प्याची वर्षं त्यासाठी हाताशी असतात. पंचाहत्तरीत, एक जण आधीच आजारी असताना गेलात, तर ओळख व्हायच्या आतच मदत मागायची वेळ येते. शांतता हवी म्हणून उशिरा गावी जाणं हा मला या साऱ्यातला सगळ्यात धोक्याचा प्रकार वाटतो. ज्याचं बालपण तिथे गेलं आहे किंवा ज्याचं कुणी तिथे आहे, त्याची गोष्ट अर्थातच निराळी.

शहरात उलट होतं. तिथे जुनी मंडळी असतात, पण ती पांगत जातात. कुणी मुलांकडे जातं, कुणी आजारी पडतं, कुणाला गर्दीत तासभर प्रवास करून भेटायला येणं झेपत नाही. मजल्यावरचे शेजारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. कागदावर पन्नास ओळखी असलेल्या माणसाकडे प्रत्यक्षात दोघं येत असतात. दोन्ही ठिकाणी लावायची कसोटी एकच: सकाळी दहापर्यंत तुमचं दार उघडलं नाही, तर कुणाच्या लक्षात येईल, आणि त्याच्याकडे किल्ली आहे का?

आणखी एक गोष्ट जोडप्यांच्या ध्यानात येत नाही. बऱ्याच घरांत ओळखीपाळखी सांभाळणारा एकच असतो. फोन तोच करतो, वाढदिवस त्याच्याच लक्षात असतात, दुसरा नुसता सोबत जातो. सांभाळणारा आधी गेला तर मागे राहिलेल्याची माणसंही त्याच्याबरोबर जातात. गावात जाऊन नव्याने ओळखी करताना दोघांनी निदान एक-एक जागा आपापली, स्वतंत्र शोधावी. एकाचं वाचनालय, दुसऱ्याचं भजनी मंडळ, काहीही चालेल.

दुसऱ्या टप्प्यात शेजार कुठपर्यंत पुरतो, हेही स्पष्ट पाहायला हवं. गावातला शेजारी रात्री गाडी काढेल, डबा देईल, बँकेतलं काम करून आणेल. पण अर्धांगवायू झालेल्या माणसाला दिवसातून चार वेळा कुशीवर वळवायला, आंघोळ घालायला तो रोज येणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवू नये. तिथे पगारी माणूस लागतो. शहरात तो महाग असतो, पण एक आला नाही तर संस्था दुसरा पाठवते. गावात एखादी चांगली बाई स्वस्तात मिळते, आणि तिच्या घरी लग्न निघालं की बदली कुणीच नसतं. मग पंधरा दिवस सगळं करतं कोण? तीच, गुडघे दुखणारी बायको.

पैसे

गावात खर्च अर्ध्यावर येईल, असं बरेच जण धरून चालतात. तसा तो सहसा येत नाही. जमीन आणि मजुरी यांच्याशी जोडलेल्या गोष्टी स्वस्त होतात: भाडं, घराची देखभाल, घरकामाला मदत. औषधं, विम्याचा हप्ता, वीज, फोन, घरातली यंत्रं जवळपास तेवढ्यालाच पडतात. प्रवास महाग होतो, कारण स्वतःची गाडी ठेवणं भाग पडतं आणि लहानसहान तपासणीलाही लांब जावं लागतं.

आपल्या जोडप्याचा महानगरातला महिन्याचा खर्च १०० भाग धरू. आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घालून बघावेत. घर ३०, खाणंपिणं आणि रोजचं ३०, औषधं आणि विमा १५, घरातली मदत १०, प्रवास ५, बाकी १०. गावात घर १०, रोजचं २६, औषधं आणि विमा १५, मदत ६, प्रवास १४, बाकी ९. बेरीज ८०. बचत झाली, पण २० भागांची.

आता नवऱ्याला पक्षाघात होऊन तो घरी आलाय असं धरू. महानगरात पगारी माणसाचे २५ आणि उपचारांचे १० वाढले, खर्च १३५. गावात पगारी माणसाचे १५, उपचारांचे तेवढेच १०, शहरात जाण्यायेण्याचे २० आणि तिथे मुक्कामाचे १०. झाले १३५. पहिल्या टप्प्यातली बचत दुसऱ्या टप्प्यात पूर्ण विरघळली. तिसऱ्या टप्प्यात एक माणूस उरला म्हणून खर्च अर्धा होत नाही, कारण घर, वीज, देखभाल तीच राहते. घरखर्चाची तुलना करताना अर्थतज्ज्ञ वापरतात त्या एका नेहमीच्या मापात पहिला प्रौढ १ आणि दुसरा ०.५ धरतात. त्या हिशेबाने एकट्याला दोघांच्या खर्चाचे दोन-तृतीयांश लागतात. पेन्शन मात्र काही ठिकाणी निम्म्यावर येते. आपल्या पेन्शनचं काय होईल ते कागद काढून आत्ताच वाचलेलं बरं. आणि विम्याच्या कॅशलेस यादीत गावातलं ते रुग्णालय आहे का, हेही.

सगळ्यात मोठा पैशाचा निर्णय मात्र महिन्याच्या खर्चाचा नाही, शहरातलं घर विकण्याचा आहे. विकून गावात ऐसपैस घर बांधलं की हातात चांगली रक्कम उरते आणि निर्णय बरोबर वाटतो. पण मोठ्या शहरातल्या घरांच्या किमती छोट्या गावापेक्षा वेगाने वाढल्या, तर दहा वर्षांनी परत यायला तीच रक्कम पुरत नाही. वर गावातलं मोठं घर पटकन विकलं जात नाही. घेणारेच मोजके असतात.

या जोडप्यापुढे म्हणून मला तिसरा पर्याय बरा दिसतो: शहरातलं घर न विकता भाड्याने द्यावं, आणि गावात वर्षभर भाड्याने राहून बघावं. त्या वर्षात गावाचा सगळ्यात वाईट ऋतू यायलाच हवा, मग तो पावसाचा असो, उन्हाचा की थंडीचा. गावही अगदी छोटं नको. रात्री चालणारा सीटी, अतिदक्षता विभाग आणि डायलिसिस असलेलं, महानगरापासून तास-सव्वातासावरचं मध्यम गाव त्यांना जास्त मानवेल. शांतता तिथे थोडी कमी मिळते, हे मान्य.

परत कधी यायचं, हे मात्र दोघांनी आत्ताच, दोघंही धडधाकट असताना कागदावर लिहून ठेवावं. नवऱ्याचं गाडी चालवणं सुटलं आणि बायको चालवत नसली, तर. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा शहरात जावं लागेल असा उपचार सुरू झाला, तर. एक जण गेला, तर सहा महिन्यांच्या आत. आजारपणात हा निर्णय पुढे ढकलला जातो, कारण करणारा थकलेला असतो आणि आजारी माणसाला हलायचं नसतं. लिहिताना एक प्रश्न दोघांनी वेगवेगळा सोडवावा आणि मग उत्तरं समोरासमोर ठेवावीत: मी एकटा किंवा एकटी उरले, तर मला कुठे राहायला आवडेल? गावाचा आग्रह बऱ्याचदा एकाचाच असतो. दुसऱ्याचं उत्तर ‘शहरात’ असं आलं, तर शहरातल्या घराच्या भाडेकराराची मुदत छोटी ठेवायची, एका वर्षाची, म्हणजे फार थांबावं न लागता ते रिकामं करून घेता येतं.